दावा नाकारल्याचं पत्र मराठीत केलंय, पण मुदत नेमकी कुठली धरायची?

सुहास_नंदगड

नमस्कार मंडळी. मामांच्या मेडिक्लेमचं पत्र आलंय, इंग्रजीत. मामा शेतकरी, राहायला खानापूर तालुक्यात. मराठी वाचतात, कन्नड बाजारात बोलण्यापुरतं, इंग्रजी अजिबात नाही. नोव्हेंबरात बेळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. कॅशलेस मिळालं नाही म्हणून २ लाख ३८ हजार घरातून भरले आणि मग कागद कंपनीला पाठवले. त्याचं हे उत्तर. पत्रावर २० जानेवारी २०२५ तारीख आहे, हातात पडलं २५ ला.

मामांना स्वतः वाचता यावं म्हणून मी ते मराठीत केलंय:

"आपला दावा आम्ही तपासला. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर रुग्णास आठ वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास असल्याची नोंद आहे. आमच्याकडील पॉलिसी १२ जून २०२१ पासून आहे. म्हणजे हा आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा असून प्रस्ताव अर्जात तो कळवलेला नाही. महत्त्वाची माहिती न कळवल्याबाबतच्या अटीनुसार दावा नामंजूर करण्यात येत आहे. आपल्याकडे आणखी कागदपत्रे असल्यास १५ दिवसांत पाठवावीत, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल. निर्णय मान्य नसल्यास आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावे. तेथेही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येईल."

एजंट म्हणतोय, १५ दिवसांत लोकपालाकडे गेला नाहीत तर खेळ संपला. मामा घाबरून बसलेत. खरं काय ते सांगा, आणि कागद कुठले लागतात तेही.

येळ्ळूरकर

एजंटाला विचारा की, हप्ता घ्यायला येताना किती दिवस लागत होते ते.

दादा_कडोली

आमच्या म्हशीचाही दावा असाच नाकारला. कानातला बिल्ला नाही म्हणून. म्हैस मेली ते डॉक्टरनं लिहून दिलं, पंचनामा झाला, फोटो आहेत, तरी म्हणतात बिल्ला दाखवा. बिल्ला चरताना कुठंतरी पडला. मी पण लोकपालाकडे जाऊ काय?

तिलकवाडीचे_काका

कडोलीकर, तुमचं वेगळं बोलू. गुरांच्या विम्यात बिल्ला हीच जनावराची ओळख. बिल्ला पडला की लगेच कळवून नवा मारून घ्यायचा असतो, नाहीतर मेलेली म्हैस विम्यातलीच होती हे दाखवणं फार अवघड जातं.

सुहास, मी सरकारी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर होतो, आता निवृत्त. तुझं मराठी भाषांतर चांगलं आहे. आता पत्रात काय नाही ते बघ. १५ दिवसांत लोकपाल, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. ते १५ दिवस फक्त जादा कागद पाठवायचे. ते चुकले म्हणून हक्क जात नाही. तरी चुकवू नकोस, कारण मुदतीत उत्तर गेलं तर "आम्ही विचारलं, यांनी काही सांगितलंच नाही" असं पुढं कंपनीला म्हणता येत नाही.

लोकपालाकडे थेट जाताच येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहावं लागतं. त्यांनी नकार दिला, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की मग लोकपालाचं दार उघडतं. तिथून एक वर्ष. हे वर्ष २० जानेवारीच्या पत्रापासून मोजायचं नाही, दुसऱ्या नकारापासून मोजायचं.

आता मला एक सांग. २०२१ ची पॉलिसी मामांची पहिलीच, की आधी दुसऱ्या कंपनीत होती?

वकिली_कट्टा

काकांशी मुदतीबाबत सहमत. पण हा दावा मिळणं कठीण दिसतंय. माहिती लपवली हे कारण कंपनीला आठ वर्षं वापरता येतं, त्यानंतर नाही. इथं साडेतीन वर्षंच झालीत. ग्राहक आयोगात जा, बेळगावातच आहे.

तिलकवाडीचे_काका

आठ वर्षं जुनं झालं. २९ मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानंतर ते ६० महिने आहे. सलग ६० महिने संरक्षण चालू असेल तर माहिती न कळवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. आणि त्या ६० महिन्यांत पोर्ट केलेली आधीच्या कंपनीची वर्षंही धरायची. म्हणूनच वरचा प्रश्न विचारला.

अनघा_शहापूर

मी दवाखान्याच्या बिलिंगला आहे (कुठल्या ते विचारू नका). हे "आठ वर्षांपासून बीपी" रोज बघते. रात्री पेशंट छातीत दुखतंय म्हणून येतो, कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, बीपी कधीपासून? सोबतचा पुतण्या घाबरून म्हणतो, "आठेक वर्षं असेल." ते केस पेपरवर चढतं, तिथून डिस्चार्ज कार्डावर, तिथून कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या टीपीएकडे. पुढं कोणीच विचारत नाही, गोळी खरंच कधी सुरू झाली.

राजू_हिंडलगा

मग सोपं आहे की. त्याच डॉक्टरकडं जायचं, कार्डावरचं आठ वर्षं खोडून दोन वर्षं करून घ्यायचं. शिक्का मारून देतात. आमच्या गल्लीत एकानं केलंय.

अनघा_शहापूर

राजूभाऊ, कंपनीकडं पहिलं कार्ड आणि आतले केस पेपर आधीच गेलेत. बऱ्याचदा त्यांचा तपासणीस स्वतः येऊन फोटो काढून नेतो. आता दुसरं कार्ड गेलं की दोन्ही शेजारी ठेवणार.

तिलकवाडीचे_काका

राजू, असं अजिबात करू नका. आज कंपनीचं म्हणणं फक्त "माहिती कळवली नाही" एवढंच आहे. पत्रात फसवणूक हा शब्द नाही. ६० महिने पुरे झाले असतील तर "कळवली नाही" हे कारण आपोआप गळतं. कार्ड बदलून दिलं तर तुम्हीच कंपनीला फसवणुकीचा पुरावा हातात दिलात, आणि ६० महिन्यांचं संरक्षण नेमकं तिथंच संपतं.

नोंद खरोखर चुकीची असेल तर गोष्ट वेगळी. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यायचं: नोंद कोणाच्या सांगण्यावरून केली, त्याला आधार म्हणून जुना कागद होता का, आणि उपलब्ध कागदांवरून औषध कधीपासून चालू दिसतं. जुनं कार्ड जसं आहे तसं राहू द्यायचं. गावातल्या डॉक्टरची पहिली चिठ्ठी सापडली तर उत्तमच.

गणेशपूरकर

एवढं सगळं करण्यापेक्षा महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना दिलीय ना? त्यातून पैसे परत मागा.

येळ्ळूरकर

आता हा धागा विम्याचा राहत नाही, सीमाप्रश्नाचा होतो. चहा मागवा.

तिलकवाडीचे_काका

गणेशपूरकर, ती योजना उपचाराच्या वेळी, योजनेत असलेल्या दवाखान्यात वापरायची. आधी भरलेलं बिल दाखवून पैसे परत मागायची सोय ती नव्हे. इथं भांडण मामा आणि विमा कंपनी यांच्यातल्या कराराचं आहे.

सुहास_नंदगड

काका, मामींनी ट्रंकेतून पिशवी काढली. पहिली पॉलिसी दुसऱ्या कंपनीची, १२ जून २०१८ ला सुरू झालेली, ३ लाखांची. २०२१ मध्ये एजंटानं "ही कंपनी चांगली" म्हणून बदलून दिली आणि रक्कम ५ लाख केली. मधे खंड नाही, दर जूनला हप्ता भरलाय. नव्या कंपनीच्या शेड्यूलवर बारीक अक्षरात "आधीच्या विमा कंपनीकडील संरक्षण २०१८ पासून" अशा अर्थाची ओळ आहे.

वकिली_कट्टा

मग चित्रच बदललं. २०१८ धरलं तर साडेसहा वर्षं होतात.

तिलकवाडीचे_काका

मांडून बघू. १२ जून २०१८ ते १२ जून २०२४ म्हणजे ७२ महिने. मामा दाखल झाले १८ नोव्हेंबरला ना? आणखी पाच महिने. एकूण ७७. शेवटचं नूतनीकरण जून २०२४ चं, म्हणजे परिपत्रकानंतरचं. कंपनीनं मोजणी स्वतःच्या २०२१ पासून केली, म्हणून तिला ४१ महिनेच दिसले. पत्रातला सगळा युक्तिवाद "आमच्याकडील" या शब्दावर उभा आहे.

एक मर्यादा लक्षात ठेव. २०२१ मध्ये रक्कम ३ वरून ५ लाख केली. वाढवलेल्या २ लाखांचे ६० महिने २०२१ पासूनच मोजतात, ते अजून पुरे झाले नाहीत. जुन्या ३ लाखांना पूर्ण संरक्षण आहे. बिल २ लाख ३८ हजार, म्हणजे ३ लाखांच्या आतच बसतं. बिल ४ लाखांचं असतं तर वरच्या १ लाखासाठी वेगळं भांडावं लागलं असतं.

सीमा_निपाणी

बिलातले हातमोजे, कॉटन, फाइल चार्ज हे तरी कापणारच ना?

तिलकवाडीचे_काका

हो, ते पॉलिसीच्या अटीप्रमाणे कापतील. खोलीभाड्याला मर्यादा असेल तर त्याचाही परिणाम होतो. म्हणून अर्जात "२,३८,००० द्या" एवढंच लिहू नये, "पॉलिसीच्या अटींप्रमाणे देय होणारी रक्कम द्या" हेही लिहावं.

सुहास_नंदगड

तक्रार निवारण अधिकाऱ्याला काय लिहू? पान-दोन पान लिहायला बसलो तर सगळं दुखणंच उतरतंय कागदावर.

तिलकवाडीचे_काका

दुखणं नको. एक पान पुरे. इंग्रजीत पाठव, पण मामांना आधी मराठीत वाचून दाखव, सही त्यांची आहे. मजकूर साधारण असा:

"विषय: दावा क्रमांक अमुक, दिनांक २०/०१/२०२५ चे नामंजुरी पत्र, फेरविचाराबाबत.

माझे आरोग्य विमा संरक्षण १२/०६/२०१८ पासून अखंड चालू असून १२/०६/२०२१ रोजी ते आपल्या कंपनीत पोर्ट झाले आहे. दाखल होण्याच्या दिवशी ६० हून अधिक सलग महिने पूर्ण झाले होते. त्यामुळे माहिती न कळवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. आपल्या पत्रात फसवणुकीचा आरोप नाही व पुरावाही नाही. दाव्याची रक्कम २०१८ च्या मूळ ३ लाखांच्या मर्यादेत आहे. दावा पुन्हा तपासून पॉलिसीच्या अटींप्रमाणे देय रक्कम द्यावी. तसेच दावा नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीने घेतला असल्यास त्याची माहिती द्यावी, आणि २०१८ व २०२१ च्या माझ्या प्रस्ताव अर्जांच्या प्रती पाठवाव्यात."

समितीचं मुद्दाम घातलंय. त्याच परिपत्रकाप्रमाणे या समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही. प्रस्ताव अर्जाची प्रत का, ते सांगतो. खेड्यात अर्ज एजंटच भरतो, मामांनी फक्त सही केलेली असते. बीपीच्या रकान्यापुढं काय लिहिलंय आणि कोणाच्या अक्षरात, हे आधी आपल्याला माहीत पाहिजे.

अनघा_शहापूर

कागदांबद्दल माझ्याकडून. मूळ बिलं कंपनीकडं गेलीत, म्हणून दवाखान्यातून दुसरी प्रत शिक्का मारून घ्या. आतले सगळे केस पेपर लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. नुसतं काउंटरवर तोंडी विचारलं तर "रेकॉर्डवाला रजेवर" हे ठरलेलं उत्तर.

सीमा_निपाणी

म्हणजे पाठवायचं काय काय? एकदा सरळ सांगा की.

तिलकवाडीचे_काका

नामंजुरी पत्र, २०१८ पासूनची दर वर्षीची शेड्यूल, डिस्चार्ज कार्ड, बिलांच्या प्रती, दावा अर्जाची प्रत, आणि ओळखपत्र. यात सगळ्यात मोलाची म्हणजे जुन्या कंपनीची शेड्यूल. तीच लोकांकडं नसतात, कारण कंपनी बदलली की जुनं रद्दीत जातं. एखाद्या वर्षाचं हरवलं असेल तर जुन्या कंपनीला मेल टाकून मागता येतं. केस पेपर हातात आले नसतील तर त्यासाठी थांबू नका, मागून पाठवता येतात.

पाठवायचं मेलनं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनं, दोन्ही. मेल कधी गेला हे तुमच्याकडं राहतं, टपालाची पोचही मिळते. वाटलं तर नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in वरही नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. तिथून तक्रार कंपनीकडंच जाते, पण तिला क्रमांक पडतो.

वकिली_कट्टा

मुदतींचा हिशेब मी लिहितो, चुकलं तर काका सांगतील. समजा ३ फेब्रुवारीला अर्ज गेला. कंपनीनं तक्रार १४ दिवसांत निकाली काढायची असते, ही मुदत कंपनीला आहे, मामांना नाही. १४ फेब्रुवारीला नकार हातात पडला तर लोकपालासाठी १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत वेळ. उत्तरच आलं नाही तर ३ मार्चला महिना भरतो, आणि वर्ष तिथून. ग्राहक आयोगाची दोन वर्षं मात्र मी पहिल्या नकारापासूनच धरेन, म्हणजे २० जानेवारी २०२७ च्या आत.

तिलकवाडीचे_काका

बरोबर. फक्त एवढं जोडा की आयोगात प्रकरण दाखल केलं की लोकपाल ते घेत नाही. उलट बाजूनं, लोकपालाचा निवाडा कंपनीला बांधील आहे, तुम्हाला नाही. तो विरुद्ध गेला तर आयोगात जाता येतं. म्हणून आधी लोकपाल. फी नाही, आणि तिथं वकील चालत नाही.

वकिली_कट्टा

शेवटचं वाक्य आमच्या पोटावर आहे, पण खरं आहे.

राजू_हिंडलगा

लोकपाल बसतो बेंगळुरूला. मामांना घेऊन रात्रीची गाडी पकडायची आणि तिथं काय बोलायचं? कन्नड येत नाही, इंग्रजी येत नाही.

तिलकवाडीचे_काका

सुनावणी व्हिडिओवरही होते. अर्ज cioins.co.in वरून करता येतो. भाषेचं म्हणाल तर सुनावणीआधी लेखी कळवा की तक्रारदार मराठी बोलतात, सोबत घरचा माणूस बसेल.

सीमा_निपाणी

थांबा. आमच्याकडं निपाणीत निम्म्या पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून निघतात. मग पुण्याच्या लोकपालाकडं जाता येत नाही काय?

वकिली_कट्टा

नाही. राहणं कर्नाटकात, तर बेंगळुरूच.

तिलकवाडीचे_काका

तसं नाही. ज्या कंपनीविरुद्ध तक्रार आहे तिची शाखा किंवा कार्यालय ज्या हद्दीत, तिथं, किंवा तक्रारदार जिथं राहतो तिथं, असा नियम आहे. दोन्हींतलं काहीही चालतं. शाखा कोल्हापूरची असेल तर पुणे मागता येतं, असं माझं मत.

वकिली_कट्टा

नियम तसा असेल, पण शेड्यूलवर "पॉलिसी जारी करणारे कार्यालय" म्हणून मुंबईचा पत्ता आणि "सेवा शाखा" म्हणून बेळगाव छापलेलं असतं. एजंट कोल्हापूरचा म्हणून शाखा कोल्हापूरची होत नाही. पुण्यानं अर्ज परत केला तर तेवढे आठवडे फुकट.

सुहास_नंदगड

बघितलं. एजंट कोल्हापूरचाच. शेड्यूलवर वर मुंबई, खाली बेळगाव. कोल्हापूर फक्त एजंटाच्या शिक्क्यात.

वकिली_कट्टा

मग मी बेंगळुरू म्हणेन.

तिलकवाडीचे_काका

या कागदावर मीही बेंगळुरूच म्हणेन. सीमाताई, तुमच्या शेड्यूलवर शाखा म्हणून कोल्हापूर छापलं असेल तर मात्र पुण्याला अर्ज करून बघा आणि इथं कळवा.

दादा_कडोली

माझ्या म्हशीचं कोण बघणार?

तिलकवाडीचे_काका

कडोलीकर, नाकारल्याचं पत्र आणि पंचनामा दोन्हींचे फोटो इथं टाका. त्यावर बिल्ल्याचा नंबर कुठं दिसतोय का ते आधी बघू.

सुहास_नंदगड

अर्ज तयार केला. मामांना मराठी वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "आता पुढच्या जूनचा हप्ता भरायचा की नाही? पैसे बुडाले तर परत कशाला भरू?" एजंटही म्हणतोय की आता ही कंपनी सोडा, दुसरीकडं नवीन काढून देतो.

तिलकवाडीचे_काका

भरायचाच. नूतनीकरण थांबवलं की २०१८ पासूनचे सलग महिने तिथंच तुटतात. एजंट म्हणतो तशी "नवीन" काढली तर सगळी मोजणी शून्यापासून. बदलायचीच असेल तर पुन्हा पोर्टच करा, आणि तेव्हा अर्जात बीपी, अँजिओप्लास्टी, गोळ्या सगळं स्वतः वाचून लिहा. दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. हप्ता १२ जूनच्या आत जाऊ दे आणि पावती त्या ट्रंकेतल्या पिशवीत ठेवा.